बॅटरी काढली तरी ओव्हरक्लॉक जात नाही, डेस्कटॉप सुरूच होईना

जुळे_सोलापूर
मंडळी, भाच्याच्या डेस्कटॉपचं काम अंगावर आलंय. रायझन ५ ५६००, बी५५० चा बोर्ड, डीडीआर४ च्या ८-८ जीबीच्या दोन स्टिक, ३२०० च्या. पठ्ठ्याने बायोसमध्ये जाऊन रॅम ३८०० वर नेली, एफक्लॉक १९०० केला, व्होल्टेज १.३५ च ठेवलं आणि सेव्ह मारलं. तेव्हापासून स्क्रीन काळी ती काळीच. पंखे फिरतात, बोर्डावर DRAM लिहिलेला पिवळा दिवा पेटून राहतो, थोड्या वेळाने सगळं आपोआप बंद होतं, परत सुरू होतं, परत तोच दिवा. Delete दाबून उपयोग नाही, कारण तिथपर्यंत गाडी जातच नाही.

व्हिडिओ बघून बोर्डावरची गोल बॅटरी काढली, पाच मिनिटांनी बसवली. फरक शून्य. मग अर्धा तास काढून ठेवली. तरी तेच. बॅटरी काढली की सेटिंग जातात ना? मग इथे का जात नाहीत? बोर्ड गेला असं समजायचं का?

विजापूरवेस
अर्ध्या तासाने काय होतंय? बॅटरी काढली तरी बोर्डात करंट साठलेला असतो. रात्रभर काढून ठेवा आणि सकाळी नवी बॅटरी टाका. शंभर टक्के सुरू होणार.

कडकभाकरी
रात्रभर भिजत घाला, सकाळी मोड आले तर बोर्ड चांगला समजायचा.

नवीपेठ_रिपेअर
@जुळे_सोलापूर, बोर्ड गेला म्हणायची घाई नको. आधी एवढंच सांगा. बॅटरी बाहेर होती तेव्हा एसएमपीएसची वायर मागून काढली होती का? आणि त्या वेळी माउसचा दिवा पेटलेला होता की विझलेला?

जुळे_सोलापूर
वायर नाही काढली. भिंतीवरचं बटण मात्र बंद केलं होतं. माउसचं लक्ष नव्हतं, म्हणून आत्ता तसंच करून बघितलं. भिंतीवरचं बटण बंद आहे आणि माउसखाली लाल दिवा चालू आहे! हे कसं काय?

नवीपेठ_रिपेअर
भिंत आणि डेस्कटॉप यांच्या मध्ये यूपीएस आहे?

जुळे_सोलापूर
आहे. बटण बंद केल्यावर टिटी करत होता म्हणून त्याचा आवाज बंद केला.

कडकभाकरी
केस सुटली. पंच आणि साक्षीदार दोन्ही यूपीएसच, आणि त्याचंच तोंड दाबलं.

सर्किट_काकू
नेमकं हेच. आता का होतं ते नीट सांगते, कारण "साठलेला करंट" ही समजूत सगळीकडे आहे.

एसएमपीएसला २३० व्होल्ट मिळत असेल, मग ते भिंतीतून येवो नाहीतर यूपीएसच्या बॅटरीतून, तर डेस्कटॉप बंद असतानाही त्याची ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन जिवंत राहते. पॉवर बटण दाबल्याचं बोर्डाला कळतं ते तिच्यामुळे, आणि माउसचा दिवाही तिच्यावरच. सेटिंग आणि घड्याळ सांभाळणाऱ्या भागाला वीज दोन वाटांनी येते. एक वाट बॅटरीची, दुसरी या स्टँडबायपासून केलेल्या ३.३ व्होल्टची. बहुतेक बोर्डांवर दोन्ही वाटा एका छोट्या जोड-डायोडमधून एकत्र येतात आणि ज्या बाजूचं व्होल्टेज जास्त, ती बाजू भार उचलते. म्हणजे स्टँडबाय चालू असेल तोवर बॅटरी नुसती बसून असते. ती काढा, घाला, वाटीत ठेवा, त्या भागाला पत्ताही लागत नाही. स्टँडबाय जिवंत असेल तर रात्रभर ठेवूनसुद्धा सकाळी ३८०० च दिसणार.

दोन्ही वाटा एकदम तुटल्या पाहिजेत, एवढीच अट आहे.

विजापूरवेस
काकू, मान्य. पण वायर काढूनही काही बोर्ड लगेच क्लिअर होत नाहीत हे मी डोळ्यांनी बघितलंय. साठलेलं काही नसेल तर मग ते काय असतं?

सर्किट_काकू
साठतं, नाही असं नाही. एसएमपीएसच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये भरपूर असतं आणि वायर काढल्यावरही स्टँडबाय काही सेकंद तग धरते, कधी जास्तही. म्हणून वायर काढल्यावर पॉवर बटण १०-१५ सेकंद दाबून धरायचं. पंखा किंचित हलला किंवा एखादा दिवा लुकलुकून विझला की समजा ते रिकामं झालं. घड्याळाच्या भागाचा खर्च अगदी मायक्रोअँपिअरमध्ये, त्यामुळे त्याच्या शेजारचा छोटा कपॅसिटरही थोडा वेळ काढतो. पाच-दहा मिनिटं थांबा म्हणतात ते त्यासाठी. रात्रभर लागत असेल तर कुठून तरी वीज येतेय असं मी समजेन. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब लावून ठेवला असेल तर तोही उलटा ५ व्होल्ट पाठवू शकतो. सगळ्या केबल काढा म्हणतात ते उगीच नाही.

मुळेगाव_रोड
माझा लॅपटॉप पण असाच काळा पडतो. बॅटरी काढून घातली की चालू होतो. म्हणजे माझंपण ओव्हरक्लॉक झालंय का? मी तर काहीच केलं नाही.

नवीपेठ_रिपेअर
@मुळेगाव_रोड दादा, तुम्ही काढता ती लॅपटॉपची मोठी बॅटरी. इथे चाललंय ते बोर्डावरच्या सीआर२०३२ बद्दल, रुपयाच्या नाण्यासारखी दिसते ती. तुमचं दुखणं वेगळं, नवा धागा काढा, तिथे बघू.

@जुळे_सोलापूर, आता कामाला लागा.

एसएमपीएसच्या मागचं बटण शून्यावर करा आणि वायर उपटून हातात घ्या. यूपीएसकडे बघायचंच नाही, वायर हातात असली की शंका उरत नाही. मॉनिटरची आणि यूएसबीची केबलही काढा. पॉवर बटण १५ सेकंद दाबा. माउस परत लावून दिवा विझलाय याची खात्री करून घ्या, मग तो काढा.

तुमच्या बोर्डावर बॅटरी ग्राफिक कार्डाखाली असण्याची शक्यता बरीच आहे. कार्डाच्या पॉवरची केबल काढा, कॅबिनेटच्या पट्टीचे स्क्रू काढा, स्लॉटच्या टोकाचा खटका दाबून कार्ड सरळ वर घ्या. खटका न दाबता ओढलं तर स्लॉट तुटतो आणि मग हा धागा वेगळ्याच वळणावर जातो.

बॅटरी काढताना नख किंवा प्लास्टिकचं काहीतरी वापरा. कडेला धातूची छोटी जीभ असते, ती बाहेर ढकलली की बॅटरी स्वतःच उडी मारते. वरून स्क्रूड्रायव्हर खुपसू नका. जीभ वाकली तर बॅटरी सैल बसते आणि पुढे रोज तारीख चुकते. बसवताना + वर.

बॅटरी बाहेर असतानाच बोर्डावर क्लिअरच्या पिना शोधा. बोर्डाप्रमाणे CLRTC, CLR_CMOS, JBAT1 किंवा CLRMOS1 असं छापलेलं असतं. दोनच पिना असतील तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन्हींना एकदम टेकवून १० सेकंद धरा. तीन पिना आणि वर टोपी असेल तर टोपी १-२ वरून २-३ वर न्या, १० सेकंद थांबा आणि परत १-२ वर आणा. टोपी तिकडेच राहिली म्हणून मेलेला समजलेला डेस्कटॉप दुकानात नेहमी येतो. मॅन्युअलमधलं चित्र बघूनच करा, कारण शेजारीच पंख्याच्या आणि यूएसबीच्या पिना असतात.

विजापूरवेस
एवढं कशाला? बॅटरी काढल्यावर तिच्या खाचेतले + आणि - स्क्रूड्रायव्हरने जोडायचे, झालं काम. पिना शोधत बसायला नको.

सर्किट_काकू
ही युक्ती लोकप्रिय आहे, पण बहुतेक बोर्डांवर तिने काही साधत नाही. मघाचा डायोड आठवा. तो बॅटरीकडून आत वीज जाऊ देतो, आतून बॅटरीकडे येऊ देत नाही. त्यामुळे खाच शॉर्ट केली तरी आतला कपॅसिटर तिथून रिकामा होत नाही. पाच मिनिटं त्या खटपटीत जातात, तेवढ्यात तो आपोआप उतरतो आणि श्रेय स्क्रूड्रायव्हरला मिळतं.

क्लिअरच्या पिनांचं काम वेगळं आहे. त्या घड्याळाच्या भागाची रीसेट लाइन जमिनीला टेकवतात. चिपसेट "माझी वीज गेली होती" अशी खूण करून ठेवतो, पुढच्या वेळी बायोस ती खूण वाचतो आणि डिफॉल्ट भरतो. हल्लीच्या बोर्डांवर बरीच सेटिंग बायोसच्या फ्लॅश चिपमध्ये लिहिलेली असतात, तिथून ती वीज गेल्याने पुसली जात नाहीत. बॅटरी काढल्यावरही घडतं ते या खुणेमुळेच. म्हणून सेव्ह केलेले ओव्हरक्लॉक प्रोफाइल बऱ्याच बोर्डांवर क्लिअरनंतरही तसेच सापडतात.

विजापूरवेस
माझ्याकडे खाच शॉर्ट करून चालतं, डायोड काहीही म्हणो.

कडकभाकरी
डायोडला विजापूर वेशीची भीती वाटत असणार.

रॅमराव
मला वाटतं दोन स्टिकपैकी एक काढून एकच दुसऱ्या स्लॉटला लावून बघायची होती. प्रोसेसरपासून मोजलं तर दुसरा, A2. रॅम बदललेली दिसली की काही बोर्ड स्वतःच साध्या स्पीडवर येतात. पण इथे दोष नुसत्या रॅमचा नसेल. ५६०० सारख्या काही चिप्स एफक्लॉक १९०० ला अजिबात उठत नाहीत, व्होल्टेज कितीही द्या. त्याच चिप्स १८६६ ला गुमान चालतात. तसं असेल तर स्टिक हलवून उपयोग नाही, क्लिअरच करावं लागेल. दोन-तीनदा फसल्यावर बोर्डाने स्वतःहून माघार घ्यायला हवी, पण एफक्लॉकमुळे अडकलं की कधी कधी ती माघारही घेता येत नाही.

जुळे_सोलापूर
नवीपेठ दादांनी सांगितलं तसं केलं. वायर काढून पॉवर बटण दाबल्यावर पंख्याने खरोखर अर्धा फेरा मारला. बॅटरी कार्डाखालीच होती. CLRTC च्या दोन पिना १० सेकंद धरल्या. बॅटरी बसवली, सगळं जोडलं, चालू केलं. पिवळा दिवा बराच वेळ राहिला आणि गेला! पण आता त्याच्या शेजारचा पांढरा, VGA लिहिलेला दिवा पेटून राहिलाय. स्क्रीन काळीच.

नवीपेठ_रिपेअर
अभिनंदन, रॅम सुटली. आता ग्राफिक कार्डाची पॉवर केबल लावलीय का ते बघा, आणि कार्ड खटका वाजेपर्यंत बसलंय का तेही. ५६०० मध्ये आतलं ग्राफिक नाही, त्यामुळे कार्ड नाही तर चित्र नाही.

जुळे_सोलापूर
केबल लोंबकळत होती. लावली. स्क्रीनवर इंग्रजी मजकूर आला, खाली Press F1 to Run SETUP. आत गेलो तर रॅम २६६६ वर दाखवतोय आणि तारीख कुठल्या तरी जुन्या सालातली आहे.

सर्किट_काकू
तारीख मागे गेली हाच पुरावा. क्लिअर झालं की नाही हे ओळखायची सगळ्यात सोपी खूण तीच. मागच्या दोन वेळा तुम्हाला स्क्रीनच दिसत नव्हती, नाहीतर तारीख आजचीच असल्याचं दिसलं असतं. आता तारीख-वेळ आधी भरा. चुकीच्या तारखेवर ब्राउझर प्रत्येक साइटला सुरक्षिततेचा इशारा देतं आणि लोक मग इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात.

नवीपेठ_रिपेअर
एक गोष्ट विंडोज सुरू व्हायच्या आधीच. डिस्कला बिटलॉकर असेल आणि डिफॉल्टमध्ये टीपीएम बंद झालं असेल, तर ४८ आकडी रिकव्हरी की मागेल. ती भाच्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात सापडते. घाबरून फॉरमॅट मारू नका.

जुळे_सोलापूर
की नाही मागितली. पण विंडोजच येत नाही. सेव्ह करून बाहेर पडलं की परत बायोसमध्येच येतो. स्टोरेजच्या पानावर एसएसडी दिसते, बूटच्या यादीत मात्र नाही. ही एसएसडी त्याच्या जुन्या पीसीतून जशीच्या तशी आणून लावलेली आहे.

नवीपेठ_रिपेअर
मग विंडोज जुन्या पद्धतीने टाकलेलं असणार. बोर्डाच्या डिफॉल्टमध्ये CSM बंद झालं, म्हणून बूटच्या यादीतून गेली. बूटच्या पानावर CSM चालू करा, सेव्ह करा. येईल.

जुळे_सोलापूर
आलं! विंडोज सुरू. धन्यवाद मंडळी. आता हे CSM असंच ठेवायचं का?

नवीपेठ_रिपेअर
चालतंय तोवर ठेवा. सवडीने बदलायचं असेल तर आधी बॅकअप घ्या, मग अॅडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून नुसती तपासणी करा. ही कमांड काही बदलत नाही.

```
mbr2gpt /validate /allowFullOS
```

तपासणी पास झाली तर पुढचं बोलू. नापास झाली तर तशीच राहू द्या.

रॅमराव
आता मूळ मुद्दा. पोराला स्पीड हवाच असणार, मनाई करून ऐकणार नाही. आधी XMP ने ३२०० लावा, एवढ्यासाठीच ती रॅम विकली जाते. मग ३६०० आणि एफक्लॉक १८००, हे बहुतेक ५६०० ला झेपतं. रॅम स्वतः झेपवेल का ते तिच्या चिपवर. एका वेळी एकच गोष्ट बदला. स्पीड वाढवताना टायमिंगही आवळले की फसल्यावर कोणामुळे फसलं ते कळत नाही. विंडोजमध्ये खरंच किती लागलंय ते पॉवरशेलमध्ये असं दिसेल:

```
Get-CimInstance Win32_PhysicalMemory |
  Select-Object DeviceLocator, ConfiguredClockSpeed
```

आणि कसोटी दुपारी घ्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत पास झालेली रॅम तेव्हा चुका करायला लागते, कारण गरम झाल्यावर चिपमधला डेटा लवकर गळतो.

जुळे_सोलापूर
भाचा म्हणतो ३७३३ आणि १८६६. आणि बॅटरी मीटरवर लावून बघितली, २.७ व्होल्ट दाखवते. बदलू का?

सर्किट_काकू
बदला. नवी ३ च्या थोडी वरच दाखवते. भाराशिवाय २.७ म्हणजे ती निघालीच. घरात रोज रात्री भिंतीवरून बटण बंद करायची पद्धत असेल तर बॅटरी लवकर संपते, कारण तेवढे तास सगळा भार तिच्यावर. साधारण २२० मिलीअँपिअर-तासांची बॅटरी, खर्च ५-६ मायक्रोअँपिअर धरला तर सलग वापरात चार-पाच वर्षं. @विजापूरवेस यांचं "नवी टाका" इथे बरोबर ठरलं, फक्त डेस्कटॉप काळा पडण्याशी त्याचा संबंध नव्हता. घड्याळवाल्याकडे सीआर२०३२ मागा. २०२५ किंवा २०१६ पातळ असते, खाचेत सैल बसते.

विजापूरवेस
चला, अर्धं तरी बरोबर.

रॅमराव
३७३३ करून बघू दे. फक्त त्याआधी एक सोय करा. कॅबिनेटच्या रीसेट बटणाची दोन तारांची पिन बोर्डावरून काढून CLRTC च्या दोन पिनांवर लावा. मग फसलं की वायर काढायची, रीसेट १० सेकंद दाबायचं. कार्ड काढणं नको, बॅटरी नको.

सर्किट_काकू
याला माझा विरोध आहे. डेस्कटॉप चालू असताना कोणी सवयीने रीसेट दाबलं तर? मॅन्युअल सांगतात की त्या पिना वीज असताना जोडू नका. घरात लहान मूल असेल तर विचारायलाच नको.

रॅमराव
काकू, कॅबिनेटच्या आत सोडा ना बटण. तारेला बाहेर काढायचंच नाही.

सर्किट_काकू
आत सोडलेलं बटण पंख्याच्या झाकणावर जाऊन दाबून राहिलं तर दर वेळी सेटिंग जातील आणि परत धागा निघेल. टेपने चिकटवणार असाल तर बोला.

नवीपेठ_रिपेअर
दुकानात मी असं कोणाला करून देत नाही. स्वतःच्या टेबलावर कोण काय करतो ते मी विचारत नाही.

जुळे_सोलापूर
भाच्याला दोन्ही वाचून दाखवलं. तो म्हणतो टेप आहे.